मूत्राशयाची स्लाइड कशी वाचावी: ताणलं तरी न गळणारं अस्तर

मूत्राशयाच्या अस्तराचं वर्णन पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतं: ट्रान्झिशनल एपिथेलियम, रिकाम्या अवस्थेत पाच-सहा थर, भरल्यावर दोन-तीन. ते पाठ करून मायक्रोस्कोपपाशी बसलेल्या विद्यार्थ्याला लगेच दोन अडचणी येतात. समोरच्या स्लाइडमध्ये थर मोजताच येत नाहीत. आणि मोजता आले तरी बाकीचे तीन-चार थर गेले कुठे, आणि त्या ओढाताणीत फट कशी पडली नाही, हे कळत नाही. या लेखात एक नेहमीची स्लाइड, म्हणजे फॉर्मॅलिनमध्ये टिकवलेला, साधारण 5 मायक्रॉन जाडीचा, हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवलेला छेद, पायरीपायरीने वाचायची आहे. त्या वाचनातूनच ताणाचं गणित करायचं आणि गळती का होत नाही तिथवर पोहोचायचं आहे.

आधी विचारा: टिकवताना मूत्राशय रिकामं होतं की भरलेलं?

स्लाइड स्टेजवर ठेवण्याआधीचा हा प्रश्न आहे, आणि पुढच्या निम्म्या चुका तो टाळतो. रिकामं मूत्राशय तसंच फॉर्मॅलिनमध्ये टाकलं तर स्नायू आकसलेले राहतात, अस्तराच्या घड्या पडतात आणि थर जास्त दिसतात. नळीतून आत फॉर्मॅलिन भरून फुगवून टिकवलं तर घड्या सपाट होतात आणि अस्तर पातळ दिसतं. दोन्ही स्लाइड निरोगी मूत्राशयाच्याच असतात, पण शेजारी ठेवल्या तर वेगळ्या अवयवांच्या वाटतात.

दुसरी गोष्ट वेळेची. मृत्यूनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर ऊतक फॉर्मॅलिनमध्ये जायला उशीर झाला, तर सगळ्यात आधी वरच्या थरातल्या पेशी सुटून जातात. लघवीला टेकलेल्या पेशी तशाच लवकर खराब होतात. म्हणून स्लाइडवर वरचा थर नसेल तर तो आजारामुळे गेला की हाताळणीत, हे ठरवायला ऊतकाचा प्रवास माहीत असावा लागतो. नोंद नसेल, तर वरच्या थराबद्दल ठाम विधान करू नये.

4 पट भिंगाखाली: भिंतीचे थर

कमी मोठेपणावर सुरुवात करा. आतली पोकळी कुठे आहे ते शोधा. तिच्या कडेला जांभळट, केंद्रकांनी दाट भरलेली पट्टी दिसेल. ते अस्तर. त्याखाली फिकट गुलाबी, सैल दिसणारा भाग म्हणजे लॅमिना प्रोप्रिया. त्यात कोलॅजनचे धागे, लवचीक तंतू आणि रक्तवाहिन्या असतात. अस्तराच्या अगदी पायाशी केशवाहिन्यांची बारीक जाळी असते. ती लक्षात ठेवा, मोजमापाच्या वेळी लागणार आहे.

त्याहून खाली जाड स्नायूंचे जुडगे दिसतात. हा डिट्रुसर. पुस्तकात त्याचे तीन थर दिलेले असतात: आत उभा, मध्ये आडवा, बाहेर पुन्हा उभा. स्लाइडमध्ये ते वेगळे काढायचा हट्ट धरू नका. मूत्राशयाच्या मुखाजवळ ते थोडेफार जाणवतात, बाकीच्या भिंतीत जुडगे एकमेकांत शिरतात आणि वाटेल त्या दिशेने कापलेले दिसतात. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे थर स्वच्छ वेगळे दिसतात, इथे ही गुंतागुंतच ओळखीची खूण आहे. पोकळी सगळ्या बाजूंनी एकाच वेळी आकसायची असेल तर तंतू अशा विणीत असणंच सोयीचं. सर्वांत बाहेर सैल संयोजी ऊतक असतं, आणि फक्त वरच्या पृष्ठभागावर पोटाच्या आतल्या आवरणाची पातळ पट्टी.

इथे एका जागी थांबायला हवं. लॅमिना प्रोप्रियाच्या मध्यावर, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या पातळीला, कधीकधी स्नायूंचे बारीक, तुटक धागे दिसतात. त्यांना मस्क्युलॅरिस म्युकोझी म्हणतात. ते डिट्रुसर नव्हेत. विद्यार्थ्याची इथे चूक झाली तर एखादा गुण जातो, पण बायोप्सी वाचणाऱ्याने ती केली तर रुग्णाचे उपचार बदलतात. गाठ या बारीक धाग्यांपर्यंत पोहोचली असेल तर ती अजून लॅमिना प्रोप्रियातच, म्हणजे टी 1 टप्प्यात आहे. डिट्रुसरमध्ये शिरली असेल तर टी 2, आणि तिथून मूत्राशय काढण्याची चर्चा सुरू होते. फरक असा ओळखावा: म्युकोझीचे धागे पातळ, वेडेवाकडे आणि वाहिन्यांच्या सोबतीने असतात. डिट्रुसरचे जुडगे जाड, गच्च आणि कडा स्पष्ट असलेले असतात. तुकडा लहान असेल आणि जुडगा जाड आहे की नाही असा संशय असेल, तर अहवालात तसंच लिहावं.

40 पट भिंगाखाली: सर्वांत वरची पेशी शोधा

आता अस्तराकडे या. थर मोजण्याची घाई करू नका. आधी पोकळीला लागून असलेल्या एका पेशीवर नजर स्थिर करा.

ती खालच्या पेशींपेक्षा बरीच मोठी असते, वरची कड पोकळीत घुमटासारखी फुगलेली असते, आणि एकेक पेशी खालच्या चार-पाच पेशींना झाकून बसलेली असते. म्हणून तिला अंब्रेला पेशी, म्हणजे छत्रीपेशी म्हणतात. तिच्यात बऱ्याचदा दोन केंद्रकं सापडतात. वरची कड जरा जास्त गुलाबी आणि ठळक दिसते. ती ठळक कड म्हणजेच या लेखाचा विषय आहे, तिच्याकडे परत येऊ.

तिच्या खाली मधल्या पेशी. पेरूच्या आकाराच्या, टोक खाली आणि फुगीर भाग वर. त्याखाली, आधारपटलावर बसलेल्या लहान, जवळजवळ घनाकार मूळ पेशी, म्हणजे तळाच्या बेसल पेशी. मधल्या पेशींचे बारीक देठ आधारपटलापर्यंत पोहोचतात का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि नेहमीच्या रंगकामात ते देठ दिसतही नाहीत. व्यवहारात एवढं पुरे की पेशींचे हे तीन प्रकार ओळखता यायला हवेत.

पेशी पाहून शंका राहिली तर विशेष रंगकाम मदत करतं. सायटोकेरॅटिन 20 हे प्रथिन निरोगी अस्तरात बहुतेक फक्त छत्रीपेशींत रंगतं, आणि सायटोकेरॅटिन 5 व पी 63 खालच्या थरांत. वरची पेशी टिकली आहे की नाही, हा प्रश्न अशा वेळी पटकन सुटतो.

भरलेल्या मूत्राशयाच्या स्लाइडमध्ये मात्र एक सापळा आहे. ताणलेल्या छत्रीपेशी चपट्या होतात, आणि अस्तर घशातल्या किंवा अन्ननलिकेतल्या बहुस्तरीय चपट्या अस्तरासारखं दिसू लागतं. तेव्हा पोकळीकडून खाली तीन गोष्टी तपासा. चपट्या अस्तरात वर जाताना पेशी हळूहळू चपट्या होत जातात. मूत्राशयात तसा क्रमिक बदल नसतो, वरची एकच रांग अचानक मोठी आणि रुंद असते. दुसरं, चपट्या अस्तरात सगळ्यात वरची केंद्रकं बारीक आणि काडीसारखी असतात. इथे ती ताणातही अंडाकृती आणि ठसठशीत राहतात. तिसरं, एकूण थर. अन्ननलिकेत ते कितीतरी जास्त असतात, ताणलेल्या मूत्राशयात जेमतेम दोन-तीन.

मोजमाप: मोजपट्टी स्लाइडमध्येच असते

आयपीसमध्ये मोजपट्टी असेल तर ती आधी स्टेज मायक्रोमीटरने जुळवून घ्या. नसेल तर अस्तराखालच्या केशवाहिन्यांत एखादी लाल रक्तपेशी शोधा. छेदात तिचा व्यास साधारण 7 मायक्रॉन धरता येतो. अस्तराच्या जाडीत अशा किती पेशी बसतील ते डोळ्याने मोजा.

जाडी मोजताना जागा नीट निवडावी लागते, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. घडीच्या बाजूवरून छेद तिरका गेला तर पाच थरांचे दहा दिसतात. म्हणून घडीच्या माथ्यावर किंवा खोलगट भागात मोजू नका. जिथे आधारपटलाची रेषा आणि पोकळीची कड समांतर धावतात, आणि खालच्या मूळ पेशींची एकच सरळ रांग दिसते, तिथे मोजा. खालच्या बाजूला गोल केंद्रकांचा घोळका दिसत असेल तर छेद तिरका आहे, ती जागा सोडा. अशा चार-पाच चांगल्या जागांची सरासरी घ्या.

एक उदाहरण पूर्ण सोडवू

समजा दोन स्लाइड दिल्या आहेत, एक सैल मूत्राशयाची, दुसरी भरलेल्याची. सोयीसाठी सैल अवस्थेत आत 50 मिली लघवी आणि भरलेल्या अवस्थेत 400 मिली धरू. प्रौढ माणसाच्या मूत्राशयाची नेहमीची क्षमता 300 ते 500 मिली असल्यामुळे 400 हा आकडा वाजवी आहे.

मूत्राशय गोल आहे असं मानू. सैल मूत्राशय प्रत्यक्षात वरून चपटं असतं, त्यामुळे हे गणित ढोबळ राहील, पण दिशा बरोबर दाखवेल. 50 मिलीच्या गोलाची त्रिज्या सुमारे 2.3 सेंमी आणि पृष्ठफळ 66 चौरस सेंमी येतं. 400 मिलीच्या गोलाची त्रिज्या 4.6 सेंमी आणि पृष्ठफळ 263 चौरस सेंमी. म्हणजे आतला द्रव आठपट झाला, त्रिज्या दुप्पट झाली, आणि पृष्ठभाग चौपट.

आता अस्तर चौपट ताणलं गेलं असं म्हणायचं का? तसं असतं तर जाडी एक चतुर्थांश व्हायला हवी. सहा थरांचे दीड उरायला हवेत. पण स्लाइडमध्ये दोन-तीन दिसतात. मधली तूट घड्यांनी भरून काढलेली असते.

ती मोजता येते. सैल स्लाइडचा फोटो छापा, अस्तराच्या कडेवरून, प्रत्येक घडीत शिरत, दोरा ठेवत जा. मग तो दोरा सरळ करून मोजा. संगणकावर हेच काम `ImageJ` मध्ये मोकळ्या हाताने रेषा काढून होतं. समजा भिंतीच्या 10 मिमी लांबीत अस्तराची वळणावळणाची लांबी 14 मिमी भरली. घड्या दोन्ही दिशांना सारख्याच आहेत असं धरलं, तर घड्या उलगडून मिळणारा पृष्ठभाग 1.4 गुणिले 1.4, म्हणजे जवळजवळ दुप्पट. चौपटीतली दुप्पट घड्यांनी दिली. उरलेली दुप्पट पेशींना द्यावी लागली.

पेशींचं घनफळ तेवढंच राहतं. पृष्ठभाग दुप्पट झाला तर जाडी निम्मी होणार. सैल स्लाइडवर अस्तर नऊ रक्तपेशींइतकं, म्हणजे सुमारे 60 मायक्रॉन जाड मोजलं असेल, तर भरलेल्या स्लाइडवर ते 30 च्या आसपास भरायला हवं. सहा थरांचे तीन. पुस्तकातल्या आकड्यांचा अर्थ इथे लागतो. कुठलाही थर नाहीसा झालेला नाही. मधल्या पेशी चपट्या होऊन एकमेकींच्या शेजारी सरकल्या, आणि एकावर एक मोजायला कमी उरल्या.

तुमच्या मोजमापात जाडी 30 ऐवजी 15 आली तर दोन शक्यता आहेत. टिकवताना मूत्राशय फाजील फुगवलं गेलं, किंवा वरचा थर गळून पडला आहे. वरच्या रांगेत मोठ्या, झाकणाऱ्या पेशी आहेत का ते पुन्हा पाहा, उत्तर मिळेल.

भिंतीच्या एकूण जाडीतही हाच बदल दिसतो. सोनोग्राफीत भरलेल्या मूत्राशयाची भिंत 3 मिमीपर्यंत आणि रिकाम्याची 5 मिमीपर्यंत सामान्य धरतात. म्हणून मूत्राशय पुरेसं भरलेलं नसताना मोजलेल्या जाडीवरून भिंत जाड झाली आहे असं म्हणणं धोक्याचं. लॅमिना प्रोप्रियातले कोलॅजनचे धागे सैल अवस्थेत नागमोडी असतात आणि ताणात सरळ होतात. ते पूर्ण सरळ झाले की पुढे भिंत सहज वाढत नाही, आणि तिथून आतला दाब झपाट्याने चढतो. तोवर डिट्रुसर सैल राहतो, म्हणून 50 पासून 400 मिलीपर्यंत भरूनही दाब थोडाच वाढतो.

पेशीचं पटल दुप्पट कसं होतं?

आता त्या ठळक गुलाबी कडेकडे येऊ. पेशीभोवतीचं मेदाचं पटल फारसं ताणत नाही. क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांहून अधिक वाढवायला गेलं की ते फाटतं. आणि आपल्या गणितात छत्रीपेशीचा वरचा पृष्ठभाग दुप्पट व्हायला हवा आहे. म्हणजे पटल ताणून चालणार नाही, जास्तीचं पटल कुठून तरी आणावं लागणार.

ते दोन ठिकाणांहून येतं. पहिलं ठिकाण पृष्ठभागावरच आहे. सैल छत्रीपेशीचा वरचा पृष्ठभाग सुरकुतलेला असतो, आणि भरताना त्या सुरकुत्या उलगडतात. दुसरा साठा पेशीच्या आत आहे: चपट्या तबकड्यांसारख्या पुटिका, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कडेने कापल्यावर चातीसारख्या निमुळत्या दिसणाऱ्या. मूत्राशय भरताना या पुटिका वर येऊन पटलात विलीन होतात, आणि रिकामं झाल्यावर पटल पुन्हा आत ओढून घेतलं जातं.

हे केवळ चित्रावरून सांगितलेलं नाही. 1982 मध्ये लुईस आणि डी मौरा यांनी सशाच्या मूत्राशयाच्या अस्तरावर ते विद्युत मोजमापातून दाखवलं. जैविक पटलाचा एक चौरस सेंमी साधारण एक मायक्रोफॅराड धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, देतो. म्हणून धारिता वाढली तर पटलाचं क्षेत्रफळ वाढलं. अस्तर ताणल्यावर ती वाढली, आणि नवं पटल पुटिकांमधून येतं हे त्यातून स्पष्ट झालं.

किती पुटिका लागतील, याचा ढोबळ हिशोब करून पाहू. छत्रीपेशीचा वरचा पृष्ठभाग 50 गुणिले 50, म्हणजे 2500 चौरस मायक्रॉन धरा. सगळी दुप्पट पुटिकांनीच द्यायची असेल तर आणखी 2500 हवेत. अर्ध्या मायक्रॉन व्यासाच्या तबकडीच्या दोन बाजू मिळून सुमारे 0.4 चौरस मायक्रॉन भरतात. म्हणजे एका पेशीत सहा हजारांहून अधिक पुटिका लागतील. सुरकुत्याही वाटा उचलतात, त्यामुळे प्रत्यक्ष गरज कमी असणार. तरीही छत्रीपेशीचा वरचा भाग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पुटिकांनी खच्चून भरलेला का दिसतो, ते या आकड्यावरून कळतं.

पटल मिळालं, आता ते घट्ट कसं राहतं ते पाहायचं. या पटलाची रचनाच निराळी आहे. त्याचा बाहेरचा पदर आतल्यापेक्षा साधारण दुप्पट जाड दिसतो. ती जाडी युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांमुळे आहे. युरोप्लाकिन 1 ए, 1 बी, 2 आणि 3 ए ही त्यांतली मुख्य चार. ती एकत्र येऊन सुमारे 16 नॅनोमीटरचे कण बनवतात, आणि असे कण षट्कोनी मांडणीत एकमेकांना लागून बसले की कडक चकत्या तयार होतात. पृष्ठभागाचा बहुतेक भाग या चकत्यांनी व्यापलेला असतो, मध्ये फक्त साध्या पटलाच्या अरुंद पट्ट्या उरतात. काड्यांची चटई जशी काड्यांत न वाकता दोऱ्यांच्या जागी वळते, तसं हे पटल चकत्यांमधल्या पट्ट्यांवर दुमडतं आणि उलगडतं. चकत्या मात्र कडकच राहतात, आणि पाणी व युरिया यांना त्या जवळजवळ वाट देत नाहीत.

गळतीच्या दोन वाटा

लघवी रक्तापेक्षा चौपट तीव्र असू शकते. रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची तीव्रता, सुमारे 290 मिलिऑस्मोल प्रति किलो, तर पुरेसं पाणी न प्यायलेल्या माणसाच्या लघवीची 1200 पर्यंत जाते. अस्तर सैल असतं तर पाणी लघवीकडे ओढलं गेलं असतं आणि युरिया, पोटॅशियम परत रक्तात शिरले असते. त्यांना अडवायचं तर दोन वाटा बंद हव्यात: पेशीच्या पटलातून जाणारी, आणि दोन पेशींच्या मधून जाणारी.

पहिली वाट युरोप्लाकिनच्या चकत्या बंद करतात. दुसरी बंद करतात शेजारच्या छत्रीपेशींना कडेने शिवणारे घट्ट सांधे, म्हणजे टाइट जंक्शन. त्यांत क्लॉडिन आणि ऑक्ल्युडिन ही प्रथिनं असतात. हे सांधे फक्त छत्रीपेशींच्याच थरात पक्के आहेत. एकूण जाडी कितीही असो, गळती रोखण्याचं मुख्य काम वरची एकच रांग करते. म्हणूनच अस्तर सहा थरांचं असो वा तीन, गळतीवर फरक पडत नाही. वरची रांग मोडली, तर मात्र खालचे पाचही थर तिची जागा घेऊ शकत नाहीत.

सांधे किती घट्ट आहेत हे अस्तराच्या विद्युतरोधावरून कळतं. लहान आतड्याच्या अस्तराचा रोध साधारण शंभर ओहम-चौरस सेंमीच्या आसपास असतो. मूत्राशयाच्या अस्तराचा दहा हजारांच्या वर जातो. शरीरातल्या सर्वांत घट्ट अस्तरांपैकी हे एक आहे.

पेशी ताणली की सांध्यांचा परीघही वाढायला हवा. पृष्ठभाग दुप्पट झाला तर परीघ सुमारे 1.4 पट. उंदरांवरच्या प्रयोगांत प्रत्येक पेशीभोवतीची ही सांध्यांची कडी मूत्राशय भरताना मोठी होते आणि रिकामं झाल्यावर पुन्हा आकसते, असं दिसलं आहे. सांधा न उसवता तो लांबवला जातो.

दोन वाटा खरंच वेगळ्या आहेत हे एका प्रयोगातून नेमकं दिसतं. युरोप्लाकिन 3 ए चा जनुक काढून टाकलेल्या उंदरांत चकत्या लहान झाल्या, आणि पाणी व युरिया अस्तरातून जास्त झिरपू लागले. विद्युतरोध मात्र तसाच राहिला. सांधे शाबूत होते, गळती पटलातून होत होती. गळती कुठली हे ठरवताना हीच पद्धत वापरायची: रोध घसरला तर संशय सांध्यांवर किंवा पेशी गळून पडण्यावर, आणि रोध टिकून पाणी-युरिया वाढले तर पटलावर.

बिघाड झाल्याचं स्लाइडवर कसं कळतं?

लघवीच्या संसर्गात ई. कोलाय जिवाणूच्या केसांच्या टोकाला असलेलं फिमएच हे प्रथिन नेमकं युरोप्लाकिन 1 ए ला चिकटतं. जिवाणूला धरायला तीच पृष्ठभागाची चकती मिळते. पेशी त्यावर स्वतःला सोडून देते, आणि जिवाणू तिच्यासोबत लघवीतून बाहेर पडतात. संरक्षण म्हणून ते चांगलं, पण तेवढ्या जागी छप्पर उघडं पडतं. स्लाइडवर वरच्या रांगेत मोठ्या पेशींऐवजी मधल्या, लहान पेशी थेट पोकळीला लागलेल्या दिसतात, आणि अस्तरात पांढऱ्या पेशी शिरलेल्या असतात. निरोगी अस्तरात पेशी फार हळू बदलतात, एका फेरीला कित्येक आठवडे ते महिने लागतात. इजा झाल्यावर मात्र हेच अस्तर काही दिवसांत झपाट्याने भरून येतं. त्या काळात पेशीविभाजनाच्या आकृत्या दिसल्या तर लगेच कर्करोगाकडे वळू नये.

सायक्लोफॉस्फामाइड घेणाऱ्या रुग्णांत चित्र वेगळं असतं. औषधापासून बनणारं अॅक्रोलीन लघवीत साठतं आणि अस्तर जाळतं. अस्तर सोलून निघतं, खालच्या केशवाहिन्या फुगतात आणि रक्त लघवीत उतरतं. म्हणूनच मोठ्या मात्रेच्या उपचारात मेस्ना देतात, ते लघवीतल्या अॅक्रोलीनला निकामी करतं.

लॅमिना प्रोप्रियात अस्तराच्या पेशींची गोल बेटं दिसली तर दचकू नये. त्यांना फॉन ब्रुन घरटी म्हणतात, आणि ती निरोगी मूत्राशयातही सापडतात. कडा गुळगुळीत, पेशी एकसारख्या आणि बेटांची तळाची रेषा एका पातळीवर असेल तर ती घरटीच. कडा दातेरी, पेशी विस्कटलेल्या आणि बेटं वेगवेगळ्या खोलीवर विखुरलेली असतील तर गाठ आत शिरत असल्याचा विचार करावा.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे संपूर्ण अस्तरच नसलेली बायोप्सी. लॅमिना प्रोप्रिया आहे, केशवाहिन्या आहेत, वर पेशी नाहीत. ते उपकरणाने खरवडलं गेलं असेल, किंवा अस्तरापुरत्या मर्यादित कर्करोगातल्या पेशी एकमेकींना धरून न राहिल्याने आपोआप गळल्या असतील. दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. अशा वेळी ब्लॉकचे आणखी खोलवरचे छेद मागवावेत, कडेला चिकटून राहिलेल्या दोन-चार पेशी शोधाव्यात, आणि त्या सापडल्या तर सायटोकेरॅटिन 20 लावावं. रंग फक्त वरच्या पेशीत आला तर नेहमीचं, मूळ पेशींपासून वरपर्यंत सगळीकडे आला तर संशय बळावतो. एकही पेशी सापडली नाही तर "अस्तर उपलब्ध नाही, निदान करता येत नाही" असं स्पष्ट लिहून लघवीची पेशीतपासणी सुचवावी, कारण गळलेल्या पेशी तिथे सापडण्याची शक्यता बरीच असते.